प्रगतिपत्रकाच्या फोटोवरून आठ ओळी

मैत्रिणींनो, मुलाचे प्रगतिपत्रक आपल्या घरात किती वेळ मुक्कामाला असते, याचा कधी विचार केलाय? एक रात्र, फार तर दोन. संध्याकाळी ते दप्तरातून बाहेर येते, आपण घाईघाईने श्रेणी पाहतो, पालकांच्या सहीच्या जागी सही करतो आणि दुसऱ्या दिवशी ते परत शाळेत जाते. वर्गशिक्षिकेने सत्रभर मुलाला पाहून लिहिलेल्या दहा-पंधरा ओळी त्यात असतात. त्या आपण वाचतो, नाही असे नाही. पण लक्षात राहते ती एखादीच, आणि बहुतेक वेळा टोचणारी!

आता हातात मोबाइल आल्यामुळे एक सोय झाली आहे. पत्रक परत करण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवता येतो. पण फोटो काढला की काम झाले असे वाटते, तिथेच फसगत होते. फोटो मोबाइलमध्ये पडून राहतो, नाहीतर घरच्या मंडळींना पाठवला जातो आणि ज्याला जे दिसेल ते तो वाचतो. त्या शेऱ्यांमधून मुलाची जमेची बाजू कोणती आणि कुठे सुधारणा हवी, हे आठ-दहा ओळींत नीट लिहून काढले, तर मात्र त्या फोटोचा खरा उपयोग होतो. हे कसे करायचे, ते माझ्या घरच्याच एका उदाहरणावरून सांगते.

माझी धाकटी जाऊ गावी असते. दीर नोकरीसाठी मस्कतला. त्यांचा मुलगा चौथीत होता, त्याला आपण इथे बंडू म्हणू. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या सत्राचे पत्रक घरी आले. जावेने फोटो काढून दिरांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला, आणि थोड्या वेळाने जावेचा मला.

“ताई, हे फार चिडलेत हो. म्हणतात, गणितात क-१ आहे, म्हणजे खेळण्यातच लक्ष आहे त्याचं. उद्यापासून खो-खो बंद आणि संध्याकाळची शिकवणी चालू करायची. पोरगं कोपऱ्यात बसून रडतंय. मला तर काही सुचेना.”

“पत्रकात बाईंनी काय काय लिहिलंय?” मी विचारले.

“लिहिलंय की बरंच. पण यांनी तेवढी श्रेणीच पाहिली. आणि शेवटी ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ असं आहे ना, ते.”

मी तिला म्हटले, “मला पाठव तो फोटो. आणि उद्याच्या उद्या शिकवणी ठरवू नकोस.”

पुढचे सांगण्याआधी या पत्रकाची थोडी ओळख करून घेऊ. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तेव्हापासून नुसत्या गुणांऐवजी श्रेणी आल्या. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, आणि असेच खाली येत क-१ म्हणजे ५१ ते ६०. पण आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे श्रेणींबरोबर ‘वर्णनात्मक नोंदी’ आल्या. पुष्कळ मराठी शाळांच्या पत्रकात त्यांचे तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आणि सुधारणा आवश्यक. श्रेणी सांगते मूल कुठवर पोहोचले. ते कुठे अडले, हे या तीन रकान्यांतूनच कळते.

फोटो असा काढा

जावेचा पहिला फोटो आला तो रात्री दिव्याखाली काढलेला होता. पत्रकावर तिच्याच हाताची सावली पडली होती, आणि पत्रक मधून घडीचे असल्यामुळे घडीजवळच्या ओळी आत वळल्या होत्या. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्याचा आकार लहान केला जातो. छापील अक्षरे तरीही वाचता येतात, पण बाईंच्या हस्ताक्षरातले काने-मात्रे पुसट होतात.

म्हणून फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा. फ्लॅश नको, चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग उमटतो आणि नेमके त्याखालचे शब्द जातात. पत्रक टेबलावर सपाट पसरा. घडी उठत असेल तर तिच्या दोन टोकांना वाटी-पेला काहीतरी ठेवा. मोबाइल तिरपा न धरता बरोबर वरून धरा आणि पत्रकाचे चारही कोपरे फोटोत आले की नाही ते पाहा. पूर्ण पानाचा एक फोटो आणि शेऱ्यांच्या प्रत्येक रकान्याचा जवळून एक, एवढे पुरेत. काढल्यावर लगेच बोटांनी फोटो मोठा करून बघा. ‘करतो’ आणि ‘करते’ यांतला फरक स्पष्ट दिसला, तर फोटो चांगला आला असे समजा. कुणाला पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो आहे तसाच जातो.

आणखी एक गोष्ट. पत्रकाच्या पहिल्या पानावर मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, कधी आधार क्रमांकही असतो. ते पान वीस-पंचवीस जणांच्या नातेवाइकांच्या गटावर टाकू नका. शेऱ्यांचे पान तेवढे ज्याला हवे त्यालाच पाठवावे.

आधी जसेच्या तसे उतरवा

फोटो समोर ठेवून पहिले काम म्हणजे सगळे शेरे एका कागदावर उतरवायचे, बाईंच्या शब्दांत. मोबाइलमध्ये फोटोवरून अक्षरे उचलण्याची सोय असते. छापील मजकुराला ती बरी, पण घाईत लिहिलेल्या मराठी हस्ताक्षरात ती वाटेल ते वाचते. दहा-पंधरा ओळी तर असतात, आपल्या हातानेच लिहाव्यात. जो शब्द लागत नाही तिथे अंदाजाने शब्द घालू नका, प्रश्नचिन्ह ठेवा.

अंदाजाने घातलेल्या शब्दाने काय घोटाळा होतो, ते मला तिथेच कळले. बंडूच्या मराठी विषयापुढे मी वाचले : “धडा वाचताना अडखळत”. मी मनाशी म्हटले, अडखळतो असे असणार, शेवटचे अक्षर गेलेय. तसे लिहूनही टाकले. मग लक्षात आले, की ही ओळ ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात आहे. अडखळणे ही कसली विशेष प्रगती? जावेला म्हटले, “तेवढ्या ओळीचा उजेडात पुन्हा फोटो काढ, पत्रक परत द्यायच्या आधी.” सकाळी फोटो आला. घडीच्या आत एक शब्द लपला होता : ‘नाही’. ‘धडा वाचताना अडखळत नाही’!

एका शब्दाने मुलाचा गुण दोष होऊन बसला असता. म्हणून उतरवताना ‘नाही’, ‘क्वचित’, ‘फारसे’ हे शब्द आणि ‘अनियमित’, ‘अपूर्ण’ यांतला पहिला ‘अ’ यांवर बोट ठेवून वाचा. हे शब्द बहुधा ओळीच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी येतात, आणि फोटोत नेमकी तीच जागा सावलीत किंवा घडीत जाते. शेरा आणि रकाना यांचा मेळ बसत नसेल तर काहीतरी वाचायचे राहिले आहे, असे समजून पुन्हा पाहा.

बंडूच्या पत्रकात चौदा शेरे निघाले. ते असे :

विशेष प्रगती :
- मराठी : धडा वाचताना अडखळत नाही.
- मराठी : ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो.
- गणित : तोंडी उदाहरणे चटकन सोडवतो.
- परिसर अभ्यास : प्रश्नांची उत्तरे पटकन सांगतो.
- गटकार्यात इतरांना मदत करतो.
- प्रगती समाधानकारक.

आवड / छंद :
- खो-खो खेळणे.
- चित्रे काढणे.

सुधारणा आवश्यक :
- मराठी : लेखनात शब्द गाळतो.
- गणित : उदाहरण वहीत उतरवताना अंक चुकवतो.
- इंग्रजी : फळ्यावरील शब्द पाहून लिहितानाही स्पेलिंग चुकते.
- परिसर अभ्यास : वर्गकार्य अपूर्ण असते.
- शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो.
- अभ्यासात लक्ष द्यावे.

मग चाळणी लावा

सगळ्याच शेऱ्यांचे वजन सारखे नसते. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, प्रत्येकाची दर सत्राला इतकी पाने भरायची, म्हणून शेऱ्यांच्या तयार याद्या शिक्षकांमध्ये फिरत असतात. त्यातले वाक्य उचलून लिहिले, म्हणून बाईंना दोष देण्याचे कारण नाही. पण आपल्याला ते ओळखता आले पाहिजे. ‘प्रगती समाधानकारक’, ‘अभ्यासात सातत्य ठेवावे’, ‘अधिक प्रयत्न करावेत’ ही वाक्ये कुठल्याही मुलापुढे लिहिली तरी चालतात. मुलीच्या पत्रकात एखाददुसऱ्या ओळीत ‘करतो’ आले असेल, तर ती ओळ दुसरीकडून उतरवून घेतली आहे हे उघडच आहे.

माझी खूण सोपी आहे. शेरा वाचून डोळ्यांसमोर मूल काहीतरी करताना दिसते का? ‘शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो’ म्हटले की बंडू मान वाकडी करून बसलेला दिसतो. ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ म्हटले की काहीच दिसत नाही. जो शेरा दिसतो तो बाईंनी वर्गात पाहून लिहिलेला. तो ठेवा. दिसत नाही तो कंस करून बाजूला ठेवा. खोडू नका, पण त्याच्यावर काही उभारूही नका. दिरांनी सगळा राग उभारला होता तो नेमका असल्याच शेऱ्यावर.

या चाळणीत बंडूचे दोन शेरे गळले : ‘प्रगती समाधानकारक’ आणि ‘अभ्यासात लक्ष द्यावे’. खो-खो आणि चित्रे या आवडी, त्या वेगळ्या ठेवल्या. आवड म्हणजे प्रावीण्य नव्हे. चित्रे काढायला आवडतात एवढेच बाईंनी म्हटले आहे, ती चांगली काढतो असे म्हटलेले नाही. सारांशात ‘चित्रकलेत हुशार’ असे लिहिले, तर ते आपले शब्द झाले, बाईंचे नव्हेत.

उरले दहा. पाच जमेचे, पाच सुधारणेचे.

विषय बाजूला ठेवून पाहा

आता खरी गंमत आहे. पत्रक विषयवार लिहिलेले असते, म्हणून आपणही विषयवार वाचतो : मराठी बरे, गणित कच्चे. क्षणभर विषयांची नावे हाताने झाका आणि मूल काय करते एवढेच वाचा.

जमेच्या बाजूला काय दिसते? गोष्ट सांगतो, तोंडी उदाहरणे सोडवतो, उत्तरे सांगतो. विषय तीन, पण काम एकच : ऐकायचे आणि बोलायचे. वाचनही चांगले. म्हणजे समजण्यात कुठे अडचण दिसत नाही, आणि गणितात तर नाहीच. तोंडी उदाहरण चटकन सोडवणाऱ्या मुलाला गणित येत नाही असे कसे म्हणायचे?

सुधारणेच्या बाजूला पाहा. अंक चुकवतो, पण कधी? वहीत उतरवताना. स्पेलिंग चुकते, पण कधी? फळ्यावर पाहून लिहिताना. दोन शेऱ्यांत बाईंनी स्पष्टच लिहिले आहे, की चूक पाहून उतरवण्यात होते. शब्द गाळणे आणि वर्गकार्य अपूर्ण राहणे हेही त्यातच बसू शकते. बसेलच असे मात्र नाही, कारण बाईंनी तसे म्हटलेले नाही. आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे? वरवर ती खोडी वाटते. पण ज्याला फळ्यावरचे नीट उतरवता येत नाही, तो मुलगा दुसरीकडे कुठे बघणार?

हे मनात आले तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. पण मैत्रिणींनो, इथेच हात आवरायचा असतो. ‘मुलाची नजर अधू आहे’ असे मी सारांशात लिहिले नाही. बाईंनी ते लिहिलेले नाही, आणि मी काही डॉक्टर नाही. उतरवताना चुका होण्याची कारणे अनेक असतात. काही मुलांचा लिहिण्याचा वेगच कमी असतो, काहींना पाहिलेला शब्द वहीपर्यंत येईतो आठवत नाही, काहींचा अक्षरांचा क्रम उलटसुलट होतो, आणि काही खरोखरच गप्पांत रमतात. आपली शंका ही शंका म्हणूनच ठेवायची, आणि ठेवायची ती प्रश्नाच्या रूपात.

सारांश असा लिहा

सारांशाचे तीन भाग पुरेत. आधी जमेच्या बाजू, मग सुधारणेची जागा, शेवटी बाईंना विचारायचा प्रश्न. जमेच्या बाजूच्या तीन गोष्टी आणि सुधारणेची एक, फार तर दोन. सहा-सात सुधारणा एकदम लिहिल्या तर घरात कुणीच काही करत नाही, फक्त मूल बोलणी खाते. प्रत्येक विधानामागे पत्रकातला एक तरी शेरा हवा. आणि ‘हुशार’, ‘आळशी’, ‘धांदरट’ असली विशेषणे टाळा. मूल काय करते ते लिहा, ते कसे आहे याचा निकाल देऊ नका.

मी जावेला लिहून पाठवला तो सारांश असा होता :

जमेच्या बाजू : ऐकलेले आणि तोंडी विचारलेले चांगले जमते. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो, गणितात तोंडी उदाहरणे चटकन सोडवतो, परिसर अभ्यासात उत्तरे पटकन सांगतो. धडा न अडखळता वाचतो. गटात इतरांना मदत करतो.

सुधारणा हवी : पाहून वहीत उतरवणे. गणितात अंक चुकतात, इंग्रजीत फळ्यावरचे शब्द पाहूनही स्पेलिंग चुकते. मराठी लेखनात शब्द गळतात आणि परिसर अभ्यासाचे वर्गकार्य अपूर्ण राहते. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, असेही बाईंनी लिहिले आहे.

बाईंना विचारायचे : या चुका फळ्यावरून उतरवतानाच होतात, की पुस्तकातून उतरवतानाही? वर्गात तो कोणत्या बाकावर बसतो?

बस, एवढेच. जावेने तो मोठ्याने दोनदा वाचला. म्हणाली, “ताई, हे सगळं त्या पत्रकातच होतं? मग मला का नाही दिसलं?”

“अगं, तू क-१ पाहिलंस. तेही पत्रकातच होतं,” मी म्हटले.

प्रश्नाबद्दल दोन शब्द. ‘बाई, आमचा मुलगा कसा आहे?’ असे विचारले तर ‘चांगला आहे, पण लक्ष द्या’ हेच उत्तर येते. पालकसभेत प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. त्यात बाईंना वर्ग डोळ्यांसमोर आणून उत्तर देता येईल, असाच प्रश्न विचारायला हवा. फळा की पुस्तक, कोणता बाक, सकाळी की शेवटच्या तासाला, एकटा असताना की गटात. असल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना लगेच देता येते. सारांश लिहिताना जिथे आपल्याला ‘हे असेल का?’ असे वाटते, तिथेच तो प्रश्न सापडतो.

पुढे काय झाले

शनिवारी जाऊ शाळेत गेली. बाईंनी थोडा विचार करून सांगितले, की पुस्तकातून उतरवतो तेव्हा वही बरी असते, फळ्यावरून उतरवताना गोंधळ होतो. आणि बाक? उंची वाढली म्हणून जूनमध्ये त्याला शेवटच्या बाकावर बसवले होते. तिसरीत तो दुसऱ्या बाकावर होता. बाईंनी त्याच दिवशी त्याची जागा बदलली, आणि स्वतःच म्हणाल्या, “एकदा डोळे तपासून घ्या.”

तालुक्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. लांबचे कमी दिसत होते, उणे दीडचा नंबर निघाला. चष्मा आला. घरी येताना एस.टी.च्या खिडकीतून बंडू दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होता, असे जाऊ सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज भरून आला. “त्याला इतके दिवस वाटत होतं, सगळ्यांना असंच दिसतं.”

दिरांनी तो सारांश वाचला होताच. ते फोनवर फार काही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “खो-खोला जाऊ दे त्याला.”

आता सगळे प्रश्न चष्म्याने सुटले, असे सांगितले तर ते खरे होणार नाही. दुसऱ्या सत्राच्या पत्रकाचा फोटो आला, तेव्हा आम्ही दोन्ही सारांश शेजारी ठेवले. गणितात ब-२ झाले होते, म्हणजे एक पायरी वर. ‘वर्गकार्य अपूर्ण’ आणि ‘डोकावतो’ हे दोन्ही शेरे गेले होते. पण ‘लेखनात शब्द गाळतो’ हा तसाच होता. म्हणजे त्याचे कारण वेगळे आहे, हे आता कळले. हल्ली तो रोज पाच ओळी लिहून झाल्यावर प्रत्येक शब्दावर बोट ठेवून स्वतःच मोठ्याने वाचतो आणि गळलेला शब्द वर लिहितो. गळणारे शब्द कमी होताहेत, पण सवय जायला वेळ लागणार. पहिला सारांश लिहून ठेवला नसता, तर काय गेले आणि काय राहिले हे समजलेच नसते.

प्रत्येक पत्रकामागे असा चष्मा दडलेला असतो असे नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. माझ्या शेजारणीच्या मुलीच्या पत्रकात सोळा शेरे होते. चाळणी लावल्यावर त्यातले तीनच उरले. तिच्या सारांशात जमेची एकच ओळ झाली, आणि खाली लिहिले : ‘बाकी शेरे सर्वसाधारण आहेत. बाईंना भेटून विचारावे.’ असा सारांशही खराच सारांश आहे. रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरण्यापेक्षा ती रिकामी आहे असे लिहिलेले बरे.

शेवटी एक करा. सारांश लिहून झाला की तो मुलाला जवळ बसवून वाचून दाखवा, जमेची बाजू आधी. आणि मग त्याला विचारा, “बाईंनी लिहिलंय ते बरोबर आहे का रे?” बंडूला जावेने विचारले तेव्हा तो म्हणाला होता, “मी डोकावत नाही गं आई. बाईंनी काय लिहिलंय ते मला दिसत नाही, म्हणून मी त्याच्या वहीत बघतो.”

हे त्याला त्याआधी कुणी विचारलेच नव्हते.

कात्रण करून ठेवण्यासाठी

- पत्रक परत देण्यापूर्वी दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता फोटो. पूर्ण पान एक आणि प्रत्येक रकाना जवळून.
- शेरे बाईंच्या शब्दांत उतरवा. न लागलेल्या शब्दाजागी प्रश्नचिन्ह. ‘नाही’ आणि पहिला ‘अ’ दोनदा तपासा.
- जो शेरा वाचून मूल काही करताना दिसत नाही, तो बाजूला ठेवा. आवड वेगळी लिहा.
- विषयांची नावे झाकून एकसारखे शेरे एकत्र करा.
- जमेच्या तीन गोष्टी, सुधारणेच्या एक किंवा दोन. विशेषणे नकोत.
- आपली शंका सारांशात नव्हे, बाईंना विचारायच्या प्रश्नात.
- सारांश तारीख घालून वहीत ठेवा आणि पुढच्या सत्राच्या सारांशाशेजारी ठेवून वाचा.